मीनलचं स्कॅनिंग आणि अस्तराचे १३ मिलिमीटर (महिला ग्रुप, टिळकवाडी)

२७ तारीख, सकाळ

मीनल, ३०२: पोटात दुखतंय म्हणून काल स्कॅनिंग केलं. बाकी सगळं नॉर्मल, पण ‘गर्भाशयाचं अस्तर जाड, १३ मिमी’ असं लिहिलंय. मी ३६ वर्षांची. रात्रभर झोप नाही ओ.

रेखावहिनी, १०४: आमच्या खानापूरच्या जावेला असंच जाड आलेलं. पिशवीच काढली शेवटी. तू उशीर करू नकोस.

डॉ. काकू, २०१: रेखा, जावेची पिशवी का काढली ते आपल्याला माहीत नाही. नुसत्या जाडीवरून कुणी काढत नाही. मीनल, शेवटची पाळी कधी आली? आणि दर वेळी किती दिवसांनी येते?

मीनल: ३ तारखेला आली. २८ दिवसांनी येते, एखादा दिवस इकडेतिकडे. स्कॅनिंग २६ ला.

डॉ. काकू: पाळी आली तो पहिला दिवस धर. म्हणजे २६ तारीख हा तुझा २४ वा दिवस. त्या दिवशी १३ असणं अगदी अपेक्षित आहे.
या अस्तराचे दोन थर असतात. खालचा कायम राहतो, वरचा दर महिन्याला वाढतो आणि पाळीत गळून पडतो. पाळी चालू असताना १ ते ४ मिमीच उरतं. मग अंडाशयात बीज वाढायला लागतं, त्यातून इस्ट्रोजेन येतं आणि अस्तर पुन्हा चढायला लागतं. पाळी संपल्यावर ५ ते ७ आणि बीज सुटायच्या सुमारास ११ पर्यंत जातं. तेव्हा स्क्रीनवर तीन रेघा वेगळ्या दिसतात.
बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉनचं काम सुरू होतं. अस्तरातल्या ग्रंथी वेटोळ्या होऊन स्रावाने भरतात, मधला भाग फुगतो. म्हणून त्या दिवसांत ७ ते १६ पर्यंत भरतं आणि तीन रेघा जाऊन सगळं एकसारखं पांढरट दिसतं. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरतं, रक्तवाहिन्या आखडतात आणि वरचा थर सुटतो. तीच पाळी.

मीनल: मग ‘जाड’ का लिहिलं?

डॉ. काकू: तुझ्या रिपोर्टवर पाळीची तारीख आहे का, बघ.

मीनल: जागा रिकामीच आहे. विचारलंच नाही कुणी.

डॉ. काकू: तिथेच गोची झाली. तारीख नसली की तपासणारा काय ठरवणार? हाच आकडा ६ व्या दिवशी आला असता तर मीही नीट लक्ष दिलं असतं. मोजतात ते पुढचा आणि मागचा पदर मिळून, सगळ्यात जाड जागी. मध्ये पाणी असेल तर ते वगळतात. पाळी येणाऱ्या बाईला ‘याच्यावर गेलं की आजार’ अशी एकच ठरलेली रेघ नाही. मध्येच रक्त जातं का, खूप जातं का, ते आधी विचारतात.

मीनल: तसलं काही नाही.

डॉ. काकू: मग अस्तराची घाई नाही. दुखण्याचं वेगळं बघू. खात्रीच हवी तर पुढच्या पाळीच्या ५ व्या-६ व्या दिवशी कर, तेव्हा अस्तर पातळ असतं. आत कोंब, म्हणजे पॉलिप, असला तर तेव्हाच नीट दिसतो.

सुजाता, ४०३: माझी ४०-४५ दिवसांनी येते. मग मी २४ वा दिवस कसा धरू?

डॉ. काकू: तू तसा धरू नकोस. बीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे तुझं २६ व्या दिवसानंतरच. कधी बीज सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन येत नाही आणि अस्तर नुसतं वाढत राहतं. तुझ्यासारखीने पाळ्यांच्या तारखा लिहून घेऊनच डॉक्टरांकडे जावं.

रेखावहिनी: काकू, आमच्या सासूबाई ६१ च्या. पाळी जाऊन दहा वर्षं झाली, गेल्या आठवड्यात थोडा डाग दिसला. स्कॅनिंगमध्ये ६ मिमी आलंय. मीनलच्या निम्मंही नाही, म्हणून गप्प बसलोय.

डॉ. काकू: रेखा, इथे मात्र गप्प बसू नकोस. त्यांच्यात अस्तर वाढवणारं चक्रच थांबलंय. पाळी गेल्यावर रक्त दिसलं आणि अस्तर ४ मिमी किंवा कमी असलं, तर कॅन्सरची शक्यता फार कमी असते. त्याच्यावर गेलं की अस्तराचा तुकडा घेऊन तपासतात. आणि पातळ असूनही पुन्हा डाग दिसला, तरी तपासायचंच. बहुतेकींना कॅन्सर निघत नाही, पण ते तुकड्यावरूनच कळतं.

रेखावहिनी: उद्याच नेते.

५ तारीख

मीनल: ३१ ला पाळी आली. आज ६ व्या दिवशी पुन्हा केलं. ४ मिमी! कोंब नाही. या वेळी तारीख मीच सांगून लिहून घेतली.

रेखावहिनी: सासूबाईंचा तुकडा घेतलाय. रिपोर्ट यायचाय.

डॉ. काकू: आला की संध्याकाळी घेऊन ये, बसून वाचू.