एकाच प्लॅनमधल्या दोन ग्राहकांना वेगळा नियम का? जुन्या पोस्टपेड प्लॅनविषयी आपल्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-३०२
सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१७ सालापासून एकच पोस्टपेड प्लॅन आहे. मासिक भाडे ३९९ रुपये, न वापरलेला डेटा पुढच्या महिन्यात जमा होतो आणि त्याच भाड्यात आमच्या हिचा दुसरा नंबरही चालतो. आता कंपनीचा संदेश आला आहे की हा प्लॅन बंद होत असून १ जुलैच्या बिलापासून मला ४४९ रुपयांच्या नव्या प्लॅनमध्ये टाकले जाईल, आणि त्यात दुसऱ्या नंबरचे पैसे वेगळे पडतील. इतकी वर्षे एकही बिल न थकवता भरले असताना कंपनीला असे परस्पर करता येते का? ए-१०४ यांनी मोबाइल कंपनीच्या दरविभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून त्यांनी कृपया सांगावे.

सी-२०१
काका, हाच संदेश मलाही आला आहे. माझाही प्लॅन तोच आहे, मात्र मी तो याच वर्षी ३ मार्चला घेतला. त्या वेळी तो फक्त जुन्या ग्राहकांच्या कुटुंबीयांना मिळत होता, म्हणून भावाच्या नंबरमुळे मला मिळाला.

ए-१०४
काका, ताई, तुम्हा दोघांचा प्लॅन एक आणि संदेशही एक असला तरी माझे उत्तर दोघांसाठी वेगळे आहे, आणि ते का वेगळे आहे हे कळले की बाकीचा विषय आपोआप उलगडतो.

आपल्याकडे मोबाइलचे दर ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था ठरवून देत नाही. दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे आणि दर लागू केल्यावर तो सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवणे एवढेच त्यांच्यावर बंधन आहे. मात्र ट्रायच्या १९९९ च्या दूरसंचार दर आदेशात नंतर ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतून ग्राहकाला एक ठोस संरक्षण मिळाले आहे. ग्राहक ज्या दिवशी एखाद्या प्लॅनमध्ये दाखल होतो, त्या दिवसापासून सहा महिने त्या प्लॅनमधील कोणताही दर कंपनीला त्याच्यासाठी वाढवता येत नाही. कमी मात्र कधीही करता येतो. ग्राहकाला स्वतःला या सहा महिन्यांतही दुसरा प्लॅन निवडण्याची मुभा असते.

हे सहा महिने प्लॅन बाजारात आल्यापासून मोजले जात नाहीत, तर तो ग्राहक त्यात आल्यापासून मोजले जातात. त्यामुळे ताईंचे संरक्षण ३ मार्चला सुरू झाले आणि ते २ सप्टेंबरपर्यंत चालेल. १ जुलैपासून त्यांच्याकडून ४४९ रुपये घेणे नियमात बसत नाही. काकांचे संरक्षण फार तर २०१८ मध्येच संपले. त्यानंतरची सगळी वर्षे त्यांना जुना दर मिळाला तो कंपनीने ठेवला म्हणून. कायद्याने तो हक्क त्यांच्याकडे उरलेला नव्हता. काका, हे ऐकायला कठोर वाटेल याची मला जाणीव आहे, पण तक्रार कशावर करायची हे ठरवताना ते स्पष्ट असलेले बरे.

बी-३०२
आपण स्पष्ट सांगितलेत ते योग्यच केले. पण मग एक प्रश्न उरतो. कंपनीवर बंधनच नव्हते, तर तिने इतकी वर्षे मला जुन्या दरात का ठेवले?

ए-१०४
काका, याची खरी कारणे कंपनीच्या हिशोबात आहेत. पहिले असे की एका परवाना क्षेत्रात कंपनीला एका वेळी प्रीपेड आणि पोस्टपेड मिळून पंचवीसच प्लॅन विक्रीला ठेवता येतात. नवा प्लॅन आणायचा म्हणजे जुना एखादा विक्रीतून काढावा लागतो. विक्रीतून काढलेल्या प्लॅनमधील ग्राहक मात्र त्यातच राहू शकतात, कारण मर्यादा विक्रीवर आहे, चालू ग्राहकांवर नाही. त्यामुळे दुकानात न मिळणारे कितीतरी प्लॅन कंपनीच्या बिलिंगमध्ये वर्षानुवर्षे जिवंत असतात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. वेळेवर बिल भरणारा जुना पोस्टपेड ग्राहक मिळवण्याचा खर्च कंपनीने केव्हाच वसूल केलेला असतो. त्याला दरवाढीचा संदेश पाठवला की जो माणूस इतकी वर्षे इतर कंपन्यांचे दर पाहतही नव्हता, तो त्या दिवशी पाहू लागतो. म्हणून महिन्याला ५० रुपये जास्त मिळवण्यापेक्षा त्याला आहे तिथे शांतपणे राहू देणे बरे, असा विचार दरविभागात होतो. उलट बाजूला प्रत्येक जुना प्लॅन बिलिंगमध्ये सांभाळावा लागतो. कोणताही बदल केला की आपल्यासारख्या डेटा जमा होण्याच्या जुन्या नियमांची पुन्हा चाचणी घ्यावी लागते. प्लॅनमधील ग्राहक थोडेच उरले आणि सगळ्याच कंपन्यांचे दर एकदम वाढले, की ग्राहक निघून जाण्याची भीती कमी होते आणि असा प्लॅन गुंडाळला जातो. जुलै २०२४ मध्ये तीन मोठ्या खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले, तेव्हा ग्राहकाला दुसरीकडे जाण्यात फारसा फायदा उरला नव्हता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

डी-४०१
आम्ही त्या वेळी ३ जुलैच्या आधी घाईने रिचार्ज करून ठेवले होते आणि ते जुन्याच दराने पूर्ण झाले. ते कोणत्या नियमाने झाले?

ए-१०४
ते वेगळ्या पायावर झाले. प्रीपेडमध्ये आज आपण जे २८, ८४ किंवा ३६५ दिवसांचे रिचार्ज करतो, त्यात किंमत, मुदत आणि मिळणाऱ्या गोष्टी पैसे देतानाच ठरलेल्या असतात. ती मुदत सहा महिन्यांपेक्षा मोठी असेल, तरी पूर्ण मुदतीपर्यंत दर वाढवता येत नाही. पण मुदत संपली की जुन्या दराचा प्रश्नच राहत नाही, कारण पुढचा रिचार्ज हा नवा व्यवहार असतो. त्यामुळे जुन्या प्लॅनमध्ये अनेक वर्षे राहण्याचा प्रकार मुख्यतः पोस्टपेडमध्येच दिसतो.

सचिव
या निमित्ताने सोसायटीचाही एक प्रश्न विचारतो. गेटवरच्या केबिनमधील मोबाइलचे कार्ड २००६ साली समितीने ९९९ रुपये भरून ‘आजीवन’ म्हणून घेतले होते आणि जुन्या फाइलमध्ये पावती आहे. २०१८ च्या अखेरीस दर महिन्याला किमान रिचार्ज केला नाही तर सेवा बंद होईल असा संदेश आला आणि तेव्हापासून आपण तो रिचार्ज करत आहोत. आजीवन या शब्दाला काही अर्थ होता की नाही?

ए-१०४
अर्थ होता आणि तो लेखी ठरवलेला होता. डिसेंबर २००५ पासून बहुतेक कंपन्यांनी ९९९ रुपयांच्या आसपास आजीवन योजना आणल्या, तेव्हा हा शब्द कुणाच्या जीवनाशी जोडायचा हा प्रश्न ट्रायपुढेही आला. मार्च २००६ च्या आदेशात ट्रायने सांगितले की आजीवन म्हणून विकलेला प्लॅन कंपनीला सेवा देण्याचा परवाना असेपर्यंत त्या ग्राहकाला मिळत राहिला पाहिजे, आणि चालू परवाना कोणत्या महिन्यात व वर्षी संपतो हे कंपनीने ग्राहकाला कळवले पाहिजे. म्हणजे ते आयुष्य परवान्याचे होते.

मुंबईत हे सगळ्यांनी अनुभवले. आधी बीपीएल मोबाइल आणि नंतर लूप या नावाने चालणाऱ्या कंपनीचा मुंबईचा परवाना २९ नोव्हेंबर २०१४ ला संपला आणि कंपनीची सेवा थांबली. लाखो ग्राहकांना नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जावे लागले. तिथल्या कोणत्याही ग्राहकाची योजना, मुदत कितीही मोठी असली तरी, त्या तारखेपुढे जाऊच शकत नव्हती.

२०१८ च्या संदेशांबाबत नोव्हेंबरमध्ये ट्रायने कंपन्यांना विचारणा केली होती आणि ज्यांच्या खात्यात किमान रिचार्जइतकी शिल्लक आहे त्यांची सेवा लगेच तोडू नये असे कळवले होते. आपल्या कार्डाबाबत माझे मत असे की आधी पावतीच्या मागच्या अटी वाचाव्यात. अमुक काळात अमुक रकमेचे रिचार्ज करावे लागेल अशी अट तेव्हाच छापलेली असेल, तर तो कराराचाच भाग होता. तशी अट नसेल आणि त्या कंपनीचा तो परवाना तेव्हा चालू असेल, तर आपण २०१८ मध्येच लेखी आक्षेप घ्यायला हवा होता असे मला वाटते. आज इतक्या वर्षांनंतर ती बाब उकरून फार काही हाती लागेल असे मी म्हणणार नाही, कारण ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते.

सी-२०१
माझ्या बाबतीत आता नेमके काय करू? ग्राहकसेवेला फोन केला तर तिथले म्हणाले की प्लॅनच बंद होतो आहे, म्हणून ही दरवाढ नसून स्थलांतर आहे.

ए-१०४
ताई, हे उत्तर मान्य करू नका. नाव स्थलांतर ठेवले तरी सहा महिन्यांच्या आत तुमच्या इच्छेशिवाय तुमचे भाडे ३९९ वरून ४४९ वर जात आहे. ३ मार्चचा प्लॅन सुरू झाल्याचा एसएमएस आणि मार्चचे पहिले बिल जपून ठेवा, कारण बिलावर प्लॅनचे नाव असते आणि दाखल झाल्याची तारीख त्यावरून सिद्ध होते. ग्राहकसेवेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. नुसते बोलणे ही तक्रार धरली जात नाही. निवारण पटले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मोबाइल सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, पण तुमचा प्रश्न दोन महिन्यांच्या शंभर रुपयांचा आणि त्यावरील कराचा असल्याने तो अपिलापर्यंतच सुटावा.

एक सावधगिरी मात्र दोघांनीही बाळगा. संदेशात ‘आत्ताच बदला आणि जादा डेटा मिळवा’ अशी लिंक असेल तर ती दाबू नका. ती दाबली की बदल तुमच्या संमतीने झाला असे नोंदले जाते, जुना प्लॅन कायमचा जातो आणि विक्रीत नसल्याने परत मिळत नाही. संमतीने नव्या प्लॅनमध्ये गेल्यावर सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, पण ते नव्या दराचे.

बी-३०२
म्हणजे मी तक्रार करून उपयोग नाही.

ए-१०४
काका, दरवाढीविरुद्ध नाही. पण आपल्याला कंपनीने निवडलेलाच प्लॅन घ्यावा लागतो असे मुळीच नाही. विक्रीत असलेला कोणताही प्लॅन आपण मागू शकता. शिवाय आपले बोलणे खरे तर नंबर हलवण्याच्या तयारीनंतर सुरू होते. चालू बिल पूर्ण भरा आणि आपल्या नंबरवरून १९०० या क्रमांकावर `PORT` लिहून एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर पाठवा. येणारा संकेतांक आपल्याकडे चार दिवस चालतो आणि तो मागितला म्हणून नंबर हलवलाच पाहिजे असे नाही. तो मागितला की बहुधा कंपनीचा माणूस स्वतः फोन करतो. त्या फोनवर आपण दुसऱ्या नंबरची सोय पूर्वीच्याच भाड्यात मागा, आणि जे कबूल होईल ते एसएमएस किंवा ईमेलने मागून घ्या. त्याखेरीज होकार देऊ नका.

बी-३०२
चालेल. मे महिन्याचे बिल आजच भरतो आणि उद्या सकाळी संदेश पाठवतो. आमच्या हिचा नंबर त्याच खात्यात असल्याने तिच्यासाठी वेगळा संदेश लागेल का?

ए-१०४
हो काका, प्रत्येक नंबरचा संकेतांक वेगळा असतो आणि तो त्याच नंबरवरून मागावा लागतो. दोन्ही एकाच दिवशी मागा, म्हणजे चार दिवसांची मुदत दोघांची बरोबर संपेल.