हिस्टरीतून व्हिडिओ काढल्यावर शिफारशी खरंच बदलल्या का? अनुभव लिहा

सायली_म
बाबांचा रिपोर्ट यायचा होता त्या रात्री झोप लागेना, म्हणून यूट्यूबवर स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा एक व्हिडिओ पाहिला. रिपोर्ट सुदैवाने चांगला आला. पण नंतर होम उघडलं की तेच: लक्षणं, शेवटचे दिवस, रडणारी माणसं. माझा फोन बाबाही हातात घेतात, त्यामुळे जीव धास्तावतो. तो व्हिडिओ हिस्टरीत शोधला, तीन ठिपक्यांवरून `Remove from watch history` केलं. दोन दिवस बरे गेले, मग परत तेच सुरू. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? काय केलंत?

कोरा_कागद
मी वैतागून सगळी हिस्टरी पुसली आणि बंदच करून टाकली. प्रश्नच मिटला.

अवधूत
कोरा_कागद, प्रश्न मिटतो खरा, पण २०२३ पासून हिस्टरी बंद असेल आणि आधीचंही फारसं काही शिल्लक नसेल, तर होमवर शिफारशीच येत नाहीत. शिवाय तुमच्या आवडीचं जे वर्षानुवर्षं साठलेलं असतं, तेही जातं. एका रात्रीसाठी एवढं कशाला?

सायलीताई, त्या रात्री ऑटोप्ले चालू होता का? आणि आधी काही सर्च केलं होतंत का? हिस्टरीच्या पानावर `Manage all history` आहे, तिथे जा आणि त्या तारखेपर्यंत खाली या. पाहिलेलं आणि शोधलेलं दोन्ही तिथे वेळेनुसार दिसतं.

निशिगंध
मी ब्राउझरची हिस्टरी रोज साफ करते, तरी तेच व्हिडिओ येतात. म्हणजे पुसण्याचा उपयोगच नाही ना?

अवधूत
ती हिस्टरी वेगळी, निशिगंध. ब्राउझरमधून पुसलं तर तुमच्या यंत्रावरची नोंद जाते. लॉगिन करून पाहिलेलं तुमच्या खात्यात राहतं, आणि शिफारशी त्यावरून ठरतात.

सायली_म
अवधूतदादा, आत्ता बघितलं आणि धक्काच बसला. मला एक व्हिडिओ आठवत होता, तिथे त्या रात्रीच्या नऊ नोंदी आहेत! दोन सर्च, मी उघडलेला आणखी एक व्हिडिओ, आणि मग पहाटेपर्यंत आपोआप लागलेले सहा. मोबाइल छातीवर ठेवून मी झोपले होते. मी काढलेला व्हिडिओ या नऊंत नाहीच, म्हणजे एकूण दहा होते.

अवधूत
हेच मूळ. तुम्ही एक काढलात, पण झोपेत वाजलेले सहा पूर्ण पाहिल्यासारखे नोंदले गेलेत. उरलेल्या नऊच्या नऊ नोंदी काढा, सर्चसकट. आणि गेल्या दहा दिवसांत त्यातलं एखादं थंबनेल घाबरून उघडलं असेल, तर तेही शोधून काढा.

टीव्हीवाला
आमच्या घरी टीव्हीवर माझ्या खात्यात पोरं व्हिडिओ लावतात. मी मोबाइलवर दुसऱ्याच खात्यातली हिस्टरी साफ करत बसलो होतो. तीन आठवडे! आधी वर कोपऱ्यातलं खातं बघा, मग पुसा.

मृण्मयी
माझ्या बाबतीत नोंदी काढूनही थांबेना. त्यातल्या एका व्हिडिओला मी लाइक दिलं होतं आणि चॅनलही सबस्क्राइब केलं होतं. हिस्टरीतून काढल्याने लाइक जात नाही, ते वेगळं काढावं लागतं.

मोझिलाने २०२२ मध्ये वीस हजारांवर स्वयंसेवकांची माहिती घेऊन हे तपासलं होतं. नको असलेल्या शिफारशींपैकी हिस्टरीतून काढल्याने सुमारे २९ टक्के थांबल्या, `Don't recommend channel` ने ४३ टक्के, आणि `Not interested` ने जेमतेम ११. म्हणून मी दोन्ही करते: नोंद काढते आणि तेच ते चॅनल पुन्हा आलं की त्यालाही थांबवते. पूर्ण सफाईची अपेक्षा ठेवत नाही.

निशिगंध
नेटफ्लिक्सवर असं काढता येतं का?

टीव्हीवाला
येतं. आपल्या प्रोफाइलच्या पाहिलेल्यांच्या यादीत नावापुढच्या खुणेवर दाबून लपवायचं. सगळ्या यंत्रांवरून जायला २४ तासांपर्यंत लागू शकतात.

सायली_म
सहा दिवसांनी लिहितेय. नऊ नोंदी काढल्या, नंतर घाबरून उघडलेले दोन सापडले, तेही काढले. एका चॅनलला `Don't recommend channel` केलं. होम जवळजवळ पूर्वीसारखं झालंय. शॉर्ट्समध्ये मात्र काल परत एक हॉस्पिटलमधला व्हिडिओ आला. माझ्या हिस्टरीत त्या विषयाचं आता काहीच नाही, मग हा कुठून आला?

मृण्मयी
मलाही शॉर्ट्समध्ये अधूनमधून दिसतं. तो न थांबता वर सरकवलास की थांबून पाहिलास?

सायली_म
थांबले होते. काही सेकंदच, पण थांबले.

मृण्मयी
मग हिस्टरीत बघ, त्याचीही नोंद झाली असेल.