मदत हवी आहे: मुलीचा वरचा सुळा आत अडकलाय. सीबीसीटी कशाला, आणि साखळीने ओढतात म्हणजे नेमकं काय करतात?

कोथरूडची_आई
मुलगी १३ वर्षं ८ महिन्यांची. वर डावीकडे दुधाचा सुळा अजून घट्ट आहे, उजवीकडचा कायमचा सुळा दोन वर्षांपूर्वीच आला. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, काढला. डावा सुळा आत आडवा-तिरका दिसतो आणि त्याचं टोक शेजारच्या पटाशीच्या मुळावर चढलंय, मुळाच्या मध्यरेषेच्याही थोडं पुढे. डॉक्टर म्हणतात सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्री-डी स्कॅन करा, मग तारा, मग छोटं ऑपरेशन करून साखळीने खाली ओढू. ओपीजीत दात दिसतोय तर परत फोटो कशाला? आणि ओढताना शेजारचा दात खराब होतो का?

पेठेतला_बाप्पू
आमच्या भाच्याची अशीच अडकली होती. काढून टाकली, तिसऱ्या दिवशी पोहे खात होता. एवढा विचार करू नका.

कोथरूडची_आई
बाप्पू, ती अक्कलदाढ असेल. इथे प्रश्न सुळ्याचा आहे.

पेठेतला_बाप्पू
हो की. मग माझं सोडा.

मिलिंद_बीडीएस
दुधाचा सुळा काढून टाका, आतला आपोआप रस्ता धरतो. स्वीडनच्या एरिकसन आणि कुरोल यांनी १९८८ मध्येच हे दाखवलंय. ऑपरेशनची घाई नको.

हिरडीमागे
मिलिंद, अभ्यास बरोबर, पण तो या मुलीला लावता येत नाही. त्यातली मुलं १० ते १३ वर्षांची होती. सुळ्याचं टोक पटाशीच्या मध्यरेषेच्या अलीकडे होतं तेव्हा ९१ टक्के सुळे सरळ झाले, मध्यरेषा ओलांडलेली होती तिथे ६४ टक्के. इथे मध्यरेषा ओलांडली आहे आणि वय चौदाला टेकलंय. शिवाय त्या मुलांच्या जबड्यात दाटी नव्हती. दहाव्या-अकराव्या वर्षी, वरच्या हिरडीवर बोट फिरवल्यावर एका बाजूला सुळ्याचा उंचवटा लागतो आणि दुसरीकडे नाही, तेव्हाच फोटो काढला असता तर तुमचाच सल्ला पहिला ठरला असता. आता नुसतं वाट पाहण्यात सहा महिने जातील आणि टोक तेवढा वेळ पटाशीच्या मुळाला टेकून राहील.

ताई, सीबीसीटीबद्दल. ओपीजी ही सपाट सावली आहे. सुळा पटाशीच्या मुळावर चढलेला दिसतो, पण तो मुळाच्या पुढे ओठाकडे आहे की मागे टाळूकडे, हे त्यात थेट कळत नाही. थोडा सुगावा लागतो. ओपीजीत किरण मागून येतात आणि सेन्सर पुढे असतो, त्यामुळे टाळूकडचा सुळा उजवीकडच्या सुळ्यापेक्षा जरा रुंद आणि फुगीर दिसतो. तुमच्या फोटोत दोन्ही सुळ्यांची रुंदी पट्टीने मोजून बघा. पण तिरका दात यात फसवतो, म्हणून एवढ्यावर ऑपरेशन करत नाहीत.

दोन छोट्या फिल्मचीही पद्धत आहे. पहिली समोरून घेतात, दुसरी ट्यूब दाढांकडे सरकवून. दुसऱ्या फिल्ममध्ये सुळा पटाशीच्या तुलनेत ट्यूबबरोबर दाढांकडेच सरकलेला दिसला तर तो टाळूकडे, उलटा सरकला तर ओठाकडे. बाजू ठरवायला हे पुरतं. पण टोक मध्यरेषेपलीकडे असताना खरा प्रश्न वेगळा असतो: पटाशीचं मूळ झिजलंय का आणि किती. पुढून किंवा मागून पडलेला खड्डा सपाट फोटोत मुळाच्या सावलीतच लपतो. म्हणून इथे सीबीसीटी हवाच. फक्त पूर्ण डोक्याचा नको, साधारण ५ बाय ५ सेंटीमीटरचा छोटा भाग पुरे. आणि नुसती छापील पानं घेऊ नका, स्कॅनची मूळ डायकॉम फाइल पेन ड्राइव्हवर मागा, म्हणजे सर्जनला स्वतः काप फिरवून बघता येतील.

कोथरूडची_आई
(चार दिवसांनी) झालं. रिपोर्टात सुळा टाळूकडे आहे, पटाशीच्या मुळावर मागच्या बाजूने खड्डा आहे, पण नसेपर्यंत पोचलेला नाही. आता पटाशी गेली का?

हिरडीमागे
नाही. झीज सुळ्याच्या टोकामुळे चालू असते. टोक तिथून हललं की बहुधा थांबते, आणि अशा पटाश्या पुढे वर्षानुवर्षं टिकतात. म्हणूनच ओढण्याची दिशा सगळ्यात महत्त्वाची.

क्रम असा. आधी तारा लावून चार-सहा महिन्यांत जाड स्टीलच्या तारेपर्यंत जायचं, म्हणजे ओढताना बाकीचे दात वाकणार नाहीत. दुधाचा सुळा साडेसहा-सात मिलिमीटर रुंद असतो, कायमचा साडेसात-आठ, तर जवळपास एक मिलिमीटर जागा स्प्रिंगने उघडावी लागेल. त्या काळात पटाशीचं मूळ सुळ्यावर जाईल असा पीळ तारेतून देऊ नये. काही जण त्या दातावर सुरुवातीला ब्रॅकेटच लावत नाहीत.

मग भूल देऊन टाळूची हिरडी उचलतात आणि सुळ्याच्या डोक्यावरचं हाड, साखळी अडकवायचं छोटं बटण चिकटेल इतकंच काढतात. दाताच्या मानेपर्यंत खरवडलं तर तिथेच मूळ झिजण्याचा किंवा हाडाला चिकटण्याचा धोका. रक्त पूर्ण थांबवून, दात कोरडा करून बटण आणि सोनेरी साखळी चिकटवतात. ओल राहिली की बटण सुटतं आणि टाके पुन्हा उघडावे लागतात. ही सगळ्यात नेहमीची फजिती.

एक-दोन आठवड्यांनी ओढ सुरू. जोर ५०-६० ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या सात नाण्यांच्या वजनाइतका. साखळी थेट समोरच्या तारेला बांधली की सुळा सरळ पटाशीच्या मुळावर घासत येतो. इथे आधी टाळूकडे खाली आणि मागे आणायचा, त्यासाठी दाढांना जोडलेल्या टाळूतल्या तारेचा आधार घेतात, आणि मूळ मोकळं झाल्यावरच बाहेर ओळीत वळवायचा. डॉक्टरांना एवढंच विचारा: पहिले तीन महिने ओढ कुठल्या दिशेने?

सर्जन_सहकारनगर
बाकी मान्य, फक्त टाके घालून हिरडी बंद करणं हा एकच मार्ग नाही. टाळूकडच्या सुळ्याला मी हिरडीत उघडी खिडकी ठेवतो, त्यावर पॅक बसवतो. काही महिन्यांत दात बराचसा आपणहून खाली येतो, मग बटण डोळ्यांसमोर लावता येतं, सुटलं तर पुन्हा ऑपरेशन नाही.

हिरडीमागे
पण इतक्या खोल दाताला खिडकी मिटायला वेळ लागत नाही, आणि पॅक निघाला की मुलीला जेवताना त्रास. दोन्ही पद्धतींच्या निकालांत मोठा फरक सिद्ध झालेला नाही, सर्जनचा हात ज्यात बसलाय ती करावी.

सर्जन_सहकारनगर
खोली सीबीसीटीत मोजूनच मी ठरवेन. न बघता बंदच करा असं म्हणणार नाही.

मिलिंद_बीडीएस
एक शंका: सुळा हाडाला चिकटलेला असेल तर आधी कळतं का?

हिरडीमागे
खात्रीने नाही, सीबीसीटीतही नाही. या वयात सहसा नसतो. ओढ लावल्यावर तीन महिने सुळा जागचा हलत नाही आणि उलट शेजारचे दात वर ओढले जाऊन त्या बाजूला खालचे-वरचे दात टेकेनासे होतात, तेव्हा संशय घ्यायचा. त्याआधी बटण सुटलंय का ते बघायचं, लक्षण बऱ्याचदा सारखंच वाटतं.

ताई, घरी एक करता येईल. हिरडीबाहेर साखळीच्या किती कड्या दिसतात ते दर रविवारी मोजून लिहा. सुळा खाली येतो तशा कड्या वाढतात, डॉक्टर दर महिन्याला जास्तीच्या कापतात, त्या वहीतल्या आकड्यात मिळवा. दोन भेटींत आकडा हलला नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

कोथरूडची_आई
दिशेचं विचारलं. डॉक्टर म्हणाले आधी मागे, मग बाहेर. खिडकी की टाके, हे सर्जन फाइल बघून सांगणार आहेत. खर्चाचं काय? कुणी कॉलेजला केलंय का?

मिलिंद_बीडीएस
धनकवडीला भारती विद्यापीठ आणि पिंपरीला डी. वाय. पाटील, दोन्हीकडे तारांचा ऑर्थो विभाग आणि सर्जरी एकाच छताखाली आहे. फी साधारण खासगीपेक्षा कमी, पण दोन वर्षांत पीजी विद्यार्थी बदलू शकतो. केसपेपर आणि पेन ड्राइव्ह स्वतःजवळच ठेवा.