मदत हवी आहे: तुकड्यातुकड्यांत विकलेल्या शेअर्सचा नफा, सरासरी की फिफो?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, लक्ष्मीपुरीत दुकान आहे. शेअर्सचा हिशेब गूगल शीटमध्ये स्वतःच ठेवतो.

एकाच कंपनीचे 100 शेअर 200 ला घेतले, नंतर आणखी 100 घेतले 260 ला. सरासरी 230. मार्चमध्ये 120 विकले 250 ला, उरलेले 80 एप्रिलमध्ये 270 ला.

सरासरीने मार्चचा नफा 2400 येतो आणि एप्रिलचा 3200. फिफोने मात्र मार्चमध्ये 4800 आणि एप्रिलमध्ये फक्त 800. बेरीज दोन्हीकडे 5600च, पण मध्ये 31 मार्च येतो, त्यामुळे वर्षवार आकडे पार बदलतात. डीमॅटमधल्या शेअर्सना करासाठी फिफोच लागतो हे माहीत आहे, म्हणून सगळी शीट तशी करायला घेतली.

प्रत्येक खरेदीतून किती नग गेले ते असं काढलं (B मध्ये खरेदीचे नग, F1 मध्ये एकूण विक्री):

```
=MIN(B2,MAX(0,$F$1-SUM(B$1:B1)))
```

हे बरोबर चालतं, पण कुठल्या विक्रीत कुठल्या खरेदीचे किती नग गेले ते कळत नाही. मला तर नेमकं तेच हवंय.

डीमॅट एकच, सगळं डिलिव्हरीचं, बोनस-स्प्लिट नाही. दलाली वेगळी धरतो. शीट मोबाइलवर वापरतो, त्यामुळे स्क्रिप्ट नको.

प्रत्येक विक्रीसाठी खरेदीवार नग वेगळे दाखवायला हा फॉर्म्युला कसा बदलू?