झिजलेल्या कडांपेक्षा काळी अक्षरं बघा

"विकणाऱ्याने मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या कार्डाचा अगदी जवळून काढलेला फोटो पाठवलाय. त्यात कडा झिजलेल्या दिसतायत, म्हणजे कार्ड जुनं आणि खरंच असणार ना?"

नाही, झीज सँडपेपरनेही आणता येते. विकणाऱ्याकडे अक्षरांचा फोटो मागा. मॅजिकच्या खऱ्या कार्डावर चित्र रंगीत ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं वेगळ्या काळ्या शाईने सलग छापलेली असतात. 30 पटीच्या भिंगाखाली त्यांची कड स्वच्छ दिसते. नकली कार्ड बहुतेकदा खऱ्याचं स्कॅन करून छापतात, त्यामुळे अक्षरंही ठिपक्यांत फुटतात. मी घेतलेलं एक असंच निघालं: चकाकी ठीक, कोपरे झिजलेले, पण नावाच्या पहिल्याच अक्षराभोवती गुलाबी ठिपक्यांची झालर! पांढऱ्या अक्षरांना मात्र ही कसोटी लागू पडत नाही. आणि फोनचा नुसता झूम चालणार नाही, त्यात हे ठिपके पुसले जातात. भिंग लेन्सला टेकवून काढलेलाच फोटो हवा.