मदत हवी आहे: मुलं 'इस्कूल' म्हणतात, पण 'इक्लास' कोणीच का म्हणत नाही?

राजवाड्यामागची
नमस्कार मंडळी. मी इंदूरला राहते. संध्याकाळी घरीच आठवी-नववीच्या मुलांची इंग्रजी बोलण्याची शिकवणी घेते. काही मुलं मराठी घरातली, बाकीची हिंदी-मालवी बोलणारी. गाडी एकाच ठिकाणी अडली आहे. स्कूल, स्टेशन, स्पून आले की पुढे 'इ' लागतो: इस्कूल, इस्टेशन, इस्पून. पण ग्लास, क्लास, प्लेट आले की तोच 'इ' मध्ये घुसतो: गिलास, किलास, पिलेट. 'इग्लास' किंवा 'सिकूल' म्हणणारं एकही मूल मला भेटलेलं नाही. एकच पंजाबी मुलगा सरळ 'सकूल' म्हणतो. कोणी न शिकवता मुलं हा भेद पाळतात, तो का? आणि ही सवय मोडायची कशी?

तात्या_ग्वाल्हेर
शाळेला शाळा म्हणा, स्थानकाला स्थानक म्हणा, प्रश्नच मिटला. आधी इंग्रजीचे लाड करायचे आणि मग उच्चारावरून रडायचं!

राजवाड्यामागची
तात्या, पालक फी इंग्रजीची देतात हो. मी शाळा शिकवली तर माझी शिकवणीच मिटेल.

बंडू_मांडवी
सोपं आहे. आपल्या भाषांना शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं जड जातात, म्हणून जीभ स्वर घालून सुटका करून घेते. मराठीत इस्त्री, इस्पितळ हे शब्द बघा, तिथेही असाच इ आला आहे.

पालीवाचक
बंडूराव, अर्धं बरोबर आहे. 'इस्त्री' मात्र उदाहरणातून काढा. तो शब्द पोर्तुगीज 'एस्तिरार'वरून आला असं मानतात, आणि त्यात स्वर मुळातच पुढे आहे. आपण तो घातलेला नाही. इस्पितळही पोर्तुगीजांच्या वाटेनेच आलं.

दुसरं, 'दोन व्यंजनं जड जातात' एवढ्यावर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. 'इस्कूल'मध्ये स् पहिल्या अक्षराच्या शेवटी जातो: इस्-कूल. 'पुस्तक', 'रस्ता' असेच तुटतात, त्यामुळे जिभेला ते ओळखीचं आहे. पण मग 'इक्-लास'ही तितकंच सोयीचं आहे. 'शुक्ला' म्हणताना कोणी अडखळतं का? अक्षररचनेच्या हिशेबाने दोन्ही उपाय चालतात, तरी मुलं दर वेळी एकच निवडतात. म्हणजे निवड दुसरंच काहीतरी करतंय.

माझ्या मते ती कान करतो. 'ग्लास' सावकाश म्हणून पाहा. ग सुटतो आणि लगेच ल सुरू होतो. ल हा स्वरासारखाच घुमणारा आवाज, त्यामुळे ग आणि ल यांच्या सांध्यात एक पुसट स्वर आधीपासून असल्यासारखा वाटतो. मुलाने तिथे 'इ' घातला तरी मूळ शब्द फारसा बिघडल्यासारखा वाटत नाही. 'स्कूल'मध्ये उलट आहे. स् ची शीळ संपते आणि क साठी तोंड पूर्ण बंद होतं, म्हणजे मध्ये निव्वळ शांतता. त्या शांततेत स्वर घातला तर तो ठणठणीत ऐकू येतो. म्हणून स्वर बाहेर, शब्दाच्या दाराशी बसतो आणि स्क ची जोडी शाबूत राहते. परका शब्द आपल्या साच्यात बसवायचा, पण मूळच्या आवाजापासून शक्य तितकं कमी दूर जायचं, असा हा व्यवहार आहे. हायडी फ्लाइशहाकर यांनी 2005 च्या प्रबंधात अनेक भाषांबद्दल हेच मांडलं आहे.

आणि हे इंग्रजी आल्यावर सुरू झालेलं नाही. पालीत क्लेशाचं 'किलेस', श्लोकाचं 'सिलोक', स्नेहाचं 'सिनेह' झालं, स्वर मध्ये. स्त्रीचं मात्र 'इत्थी', स्वर पुढे. तुमच्या वर्गातली विभागणी जवळजवळ जशीच्या तशी! अर्थात स च्या जोडीला तिथे तिसरी वाटही होती, आणि तीच जास्त चालली: स् गाळायचा आणि पुढचं व्यंजन महाप्राण करायचं. स्कंभाचा खांब, स्थानाचं ठाणं. खेड्यातलं 'ठेसन' ऐकलं की मला तेच आठवतं.

स्मिता_अलकापुरी
माझ्या नावाचं काय ते सांगा. बडोद्यात लग्न होऊन आले तेव्हापासून कोणी 'इस्मिता' म्हणतं, कोणी 'सिमिता'. एकाच घरात जाऊ एक म्हणते आणि दीर दुसरं!

पालीवाचक
स्मिताताई, तुमचं नाव नेमकं सीमेवर आहे. म घुमतो, पण ल इतका मोकळा नाही आणि क सारखा बंदही नाही. म्हणून दोन्ही वाटा ऐकू येतात. पालीत स्नेहाचं 'सिनेह' झालं, तर उत्तरेकडच्या बोलींत स्नानाचं 'असनान' झालं. जाऊ आणि दीर दोघेही आपापल्या जागी बरोबर.

बंडू_मांडवी
इस्त्री मागे घेतली. पण मग माझी आजी 'स्पष्ट', 'स्तोत्र' अगदी स्वच्छ म्हणायची आणि तीच 'इस्टूल' म्हणायची. तिचा कान शब्दागणिक बदलत होता का?

पालीवाचक
हा प्रश्न चांगला आहे. बहुधा स्तोत्र तिने पाठ करून, कोणीतरी उच्चार दुरुस्त करून घेतलं होतं. स्टूल मात्र बाजारातून इ सकटच घरात आलं. इ लागलेला शब्द आयता मिळाला की तो तसाच पुढे जातो, त्यासाठी आज जिभेला अडचण असायलाच हवी असं नाही.

ताई, हेच तुमच्या वर्गात तपासता येईल. मुलांनी कधी न ऐकलेले बनावट शब्द म्हणायला द्या: स्पाग, स्टोमी, स्लूम, क्लाम. तिथेही इ आला तर सवय जिवंत आहे. फक्त स्कूल-स्टेशनलाच आला तर तो पाठ झालेला शब्द आहे, आणि एकेक शब्द सुधारावा लागेल. शब्द लिहून देऊ नका, तोंडाने ऐकवा. नंतर एवढंच विचारा की सुरुवातीला काही ऐकू आलं का. 1999 मध्ये डुपू आणि सहकाऱ्यांनी जपानी लोकांना 'एब्झो'सारखे शब्द ऐकवले होते. मधला स्वर पूर्ण छाटला तरी त्यांना 'एबुझो'च ऐकू येत होतं, फ्रेंचांना नाही. कानालाच स्वर ऐकू येत असेल तर जिभेचा व्यायाम वाया जाईल.

राजवाड्यामागची
काल करून पाहिलं. मराठी घरातली मुलं स्पाग, स्टोमी स्वच्छ म्हणाली, पण तीच मुलं स्कूलला 'इस्कूल' म्हणतात! मालवी बोलणाऱ्यांपैकी काहींनी 'इस्पाग', 'इस्टोमी' म्हटलं, आणि स्लूमचं मात्र 'सिलूम'. त्यांच्यातल्या एकीला मी म्हटलेल्या 'स्पाग'च्या आधीही इ ऐकू आला. म्हणजे वर्गात दोन वेगळे रोग आहेत की काय?

पालीवाचक
तसंच दिसतंय. पहिल्या गटाला नुसती आठवण करून दिलीत तरी पुरेल. दुसऱ्या गटासाठी स्वरान्त शब्द पुढे लावा: 'माय स्कूल', 'गो स्ट्रेट'. स् मागच्या स्वराला चिकटतो, 'मायस्-कूल', आणि इ ची गरजच उरत नाही. ते सुटसुटीत झालं की 'माय' मनात म्हणायचा आणि 'स्कूल' तेवढं मोठ्याने. नुसतं 'इ म्हणू नको' म्हटलं तर मुलं स् च गाळून 'कूल' म्हणतात.

बंडू_मांडवी
आणि तो पंजाबी मुलगा? तुमच्या कानाच्या हिशेबाने 'सकूल' व्हायलाच नको होतं.

पालीवाचक
तो माझ्या मांडणीतला काटा आहे, कबूल. पंजाबीत सकूल, सटेशन सर्रास चालतं. गुरुमुखीत जोडाक्षरं फार थोडी, म्हणून सुटं लिहिलेलं तसंच वाचलं गेलं, असं म्हणता येईल. पण शाळेत न गेलेले लोकही 'सकूल'च म्हणतात, तेव्हा एकट्या लिपीवर सगळं टाकणं मला पटत नाही.

तात्या_ग्वाल्हेर
आमच्याकडे जुनी माणसं 'टेसन' म्हणायची. ना पुढे इ, ना मध्ये. ते कुठल्या खात्यात?