सीटचं व्हेंटिलेशन, मसाज आणि लंबर मेमरी: नऊ तासांच्या ड्राइव्हला खरं कामाला काय येतं?

कल्याणचा_चालक
गेल्या महिन्यात नवी गाडी घेऊन नागपूरला गेलो. आमण्याला समृद्धीवर चढलो ते थेट शेवटपर्यंत. पुढच्या सीटना व्हेंटिलेशन, मसाज, लंबर, मेमरी सगळं आहे. व्हेंटिलेशन पूर्ण वेळ तीनवर, लंबर पूर्ण फुगवलेलं, मसाज बंद पडला की पुन्हा लावत होतो. तरी मेहकरच्या पुढे पाठ आखडली, उतरताना कंबर सरळ होईना. जुन्या साध्या गाडीत असं कधी झालं नव्हतं. हे नेमकं लावायचं कसं? की पैसे वाया गेले? आणि मेमरीचं बटण दाबलं तरी लंबर पहिल्यासारखं का होत नाही?

विदर्भवारी
स्पष्ट सांगतो, वाया गेले. बारा वर्षं पुणे-नागपूर करतोय, साध्या हॅचबॅकमध्ये. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी आणि दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालणं, एवढ्यावर पाठ शाबूत आहे. माझा आक्षेप पैशांपुरता नाही. मसाज चालू असला की माणसाला वाटतं पाठीची सोय झाली, आणि जिथे उतरायला हवं तिथे तो उतरत नाही. समृद्धीवर आधीच थांबायच्या जागा लांब लांब आहेत. 701 किलोमीटरमध्ये तुम्ही किती वेळा उतरलात, ते सांगा आधी.

कल्याणचा_चालक
दोनदा. शिर्डीच्या अलीकडे आणि जालन्याजवळ.

सीटवाला_भोसरी
मी सीटचंच काम करतो. फोम, रेग्झीन आणि आता या मोटारवाल्या सीटही. विदर्भवारी दादांचं उतरण्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण सोयी वाया गेल्या हे मान्य नाही. त्या उलट्या क्रमाने वापरल्या गेल्यात. लंबर सगळ्यात शेवटी लावायचं असतं आणि बहुतेक जण पहिलं तेच फुगवतात.

कल्याणकर, गाडी उभी असताना हे करा. लंबरची हवा पूर्ण काढा. मागच्या खिशातलं पाकीट बाहेर ठेवा, नाहीतर एक बाजू उचललेली राहते. बूड पार मागे, सीट आणि पाठ मिळतात त्या कोपऱ्यात टेकवा. आता ब्रेक पूर्ण दाबा. तरीही गुडघ्यात थोडा बाक राहील एवढीच सीट मागे न्या. पाठ उभ्यापेक्षा जरा कलती ठेवा. खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर आलं पाहिजे. येत नसेल तर स्टिअरिंग जवळ ओढा, स्वतः पुढे सरकू नका.

मग लंबर. त्याची उंची बदलता येत असेल तर फुगवटा पट्ट्याच्या रेषेवर किंवा किंचित वर आणा. हवा हळूहळू भरा आणि तळहात पाठीमागे घालून पाहा. कमरेमागची पोकळी भरली, हात सहज जाईनासा झाला की थांबा आणि बटण एकदा उलटं दाबून थोडी हवा सोडा. बसल्यावर कमरेपासून खांद्यापर्यंत टेका सारखा लागला पाहिजे. पाठीमागे चेंडू ठेवल्यासारखं वाटत असेल तर ते जास्त झालं. तुमचं पूर्ण फुगवलेलं होतं, म्हणजे खांदे सीटपासून सुटले असणार आणि नऊ तास ते तुम्ही मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंवर तोलून धरले असणार. जुन्या गाडीत लंबरच नव्हतं, म्हणून पाठ निदान सपाट तरी टेकत होती.

अर्ध्या तासाने पुन्हा बघा. फोम बसतो, अंग सैल होतं आणि सुरुवातीला बरोबर वाटलेलं तेव्हा वेगळं लागतं.

नाशिकचा_निनाद
लंबरचं ठीक आहे, पण पाठ आखडली ती थंडीने. व्हेंटिलेशन म्हणजे एसीची गार हवा थेट सीटमधून पाठीवर येते. तीनवर नऊ तास म्हणजे गार पट्टी बांधून बसल्यासारखंच. मी तर कायम बंद ठेवतो.

सीटवाला_भोसरी
निनादभाऊ, अर्धं बरोबर आहे. गारव्याचं खरं आहे, पण सर्वसाधारण गाड्यांत एसीची नळी सीटमध्ये येत नाही. सीटच्या आत छोटे पंखे असतात, ते केबिनमधलीच हवा फिरवतात. काही सीट हवा बाहेर फेकतात, काही तुमच्या पाठीकडून आत ओढतात. ओळखायचं असेल तर पंखा तीनवर करून सीटच्या भोकांवर पातळ टिश्यू ठेवा. चिकटला तर ओढणारी, फडफडला तर फेकणारी.

याचा व्यवहारात उपयोग असा की सीटखाली बॅग किंवा चपला कोंबल्या तर पंख्याचा श्वासच कोंडतो. उन्हात तापलेल्या गाडीत पहिली काही मिनिटं तो गरम हवाच फिरवतो, म्हणून आधी काचा उघडून गरमी बाहेर काढा आणि एसीची हवा तोंडाबरोबर पायांकडेही सोडा. केबिन गार होईपर्यंत तीन, मग एक. हायवेला एकच पुरतो.

आणि तुम्ही म्हणता तो गारवा येतो घामातून. ढाब्यावरून घामेजलेल्या शर्टाने येऊन बसलात आणि तीनवर लावलं की घाम भराभर उडतो आणि पाठ एकदम गार पडते. अंग कोरडं झालं की तोच तीन नंबर एवढा लागत नाही. म्हणून बंद ठेवायची गरज नाही. घाम असताना कमीवर ठेवायचं, एवढंच.

फिजिओ_मृण्मयी
मी फिजिओथेरपिस्ट आहे. गारव्याने पाठ आखडते हे पेशंट मला रोज सांगतात आणि त्यांना तसं जाणवतं, यात शंका नाही. पण या केसमध्ये मी बोट स्थिर बसण्याकडे दाखवेन. जालन्यापासून नागपूरपर्यंत एकदाही उतरले नाहीत. त्यातून समृद्धीचा रस्ता सरळ, बहुतेक क्रूझ कंट्रोल लावलेला असणार, म्हणजे पायसुद्धा हलला नाही. कितीही चांगली बैठक असो, तीच सलग धरली की त्रास देते.

मसाजबद्दल माझं मत विदर्भवारींपेक्षा थोडं वेगळं आहे. सीटमधल्या हवेच्या पिशव्या आळीपाळीने फुगतात, त्याने पाठीवरचा दाब जागा बदलतो, आणि हा फायदा खरा आहे. मात्र तो पाठीपुरता. पोटऱ्या आणि मांड्या तशाच राहतात, त्यांच्यासाठी उतरून चालण्याला पर्याय नाही. बहुतेक गाड्यांत मसाज काही मिनिटांनी आपोआप थांबतो. थांबला की लगेच पुन्हा लावू नका. तासा-दीड तासाने एकदा, सौम्य जोरावर, कमरेकडून वर जाणारा प्रकार असेल तर तो. जोराचा मसाज लावला की माणूस नकळत सीटपासून अंग उचलून धरतो, मग फायदा उलटा होतो. आणि पायात मुंग्या येत असतील किंवा कळ मांडीतून खाली उतरत असेल तर सीटची बटणं फिरवत बसू नका, तपासून घ्या.

निनादची_ताई
आमच्याकडे वेगळाच प्रॉब्लेम आहे. आईसाठी मागच्या सीटला व्हेंटिलेशनचं कव्हर घ्यायचंय, बाहेर मिळतं ते. पुढच्या सीटवर पण तेच टाकलं तर चालेल का? लेदरेट उन्हात फार तापतं.

सीटवाला_भोसरी
ताई, मागे टाका, पण पट्टा लावायची जागा कव्हरखाली झाकली जाणार नाही ते बघा. पुढच्या सीटला आतून व्हेंटिलेशन असेल तर वर कुठलंच कव्हर नको, भोकं बंद होतात आणि पंखा नुसता फिरत राहतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या कडेतून साइड एअरबॅग उघडते. त्या जागेवर जाड, घट्ट शिवलेलं कव्हर म्हणजे धोका. भोकांच्या सीटवर क्रीम पॉलिशही घासू नका, ते भोकांत जाऊन वाळतं. ओलसर, चांगला पिळलेला कपडा पुरे.

विदर्भवारी
मृण्मयीताई, पाठीवरचा दाब बदलतो हे मान्य. पण तेवढ्यासाठी एवढी महाग गाडी घ्यावी हे अजूनही पटत नाही. टॉवेलची गुंडाळी मीही दर तासाला थोडी वर-खाली करतो, तोच परिणाम.

फिजिओ_मृण्मयी
गुंडाळी चालते, मीही पेशंटना देते. फक्त चालत्या गाडीत ती हलवू नका.

कल्याणचा_चालक
सगळ्यांचे आभार. काल सीटवाले दादांनी सांगितलं तसं बसून पाहिलं. लंबर मी आधी लावत होतो त्याच्या निम्म्याहून कमी लागलं, आणि खांदे खरंच पहिल्यांदा सीटला टेकले. टिश्यू चिकटला, म्हणजे माझी ओढणारी. पण मेमरीचं काय? गाडी बायकोही चालवते, ती पाच फूट एक, मी पाच नऊ. एक नंबर दाबला की सीट मागे जाते, पाठ कलते, आरसेही फिरतात, पण लंबर तिचंच राहतं.

सीटवाला_भोसरी
हे बऱ्याच गाड्यांत असंच असतं. सीटची लांबी, उंची, कल या गोष्टी मोटार किती फिरली त्यावरून लक्षात ठेवता येतात. लंबरमध्ये हवेची पिशवी असेल तर तिथे दाब लक्षात ठेवावा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत ती सोय दिलेलीच नसते. तुमच्या गाडीत आहे का ते असं तपासा: लंबर अर्धं भरून एक नंबरवर सेव्ह करा, मग पूर्ण हवा काढा आणि एक नंबर दाबा. पाठीमागे कॉम्प्रेसरची बारीक घरघर ऐकू आली आणि तळहाताला फुगवटा लागला तर लंबर मेमरीत आहे. सीट सरकून शांत बसली तर नाही. मग पर्याय हाच की हवा पूर्ण काढून शून्यापासून बटण किती सेकंद दाबायचं ते मोजून लक्षात ठेवा.

अजून एक बघा. काही सीटमध्ये मसाज आणि लंबर त्याच पिशव्या वापरतात. मसाज संपल्यावर लंबर आधी होतं तेवढंच आलं का, हे हाताने बघा. तुम्ही मसाज सारखा लावत होतात, तेव्हा मेहकरपर्यंत ते कुठल्या कुठे गेलेलं असू शकतं. मसाज न लावताही तासाभरात कमी होत असेल तर पिशवी किंवा नळी गळतेय. रात्री पूर्ण भरून ठेवा, सकाळी हात लावा. मऊ पडलेलं असेल तर वॉरंटीत दाखवा.

आणि वहिनींना दोन नंबर दिलेला नसेल तर माझ्या एका गिऱ्हाइकाची पद्धत सांगतो. तो एकटाच चालवतो. एकवर त्याची नेहमीची बैठक, दोनवर तीच पण पाठ दोन अंश मागे आणि सीट अगदी किंचित वर. प्रत्येक थांब्यावर उतरून आला की नंबर बदलतो. चालत्या गाडीत कधीच नाही, सीट सरकली की ब्रेकवरचा पायही सरकतो.

कल्याणचा_चालक
आत्ताच खाली जाऊन पाहिलं. एक नंबर दाबला, सीट सरकली, घरघर नाही, पाठीमागे सपाट. म्हणजे लंबर मेमरीत नाहीच. मोजलं तर शून्यापासून मला चार सेकंद लागतात. रात्रीचं भरून ठेवलंय, सकाळी बघतो. मसाजनंतर बदलतं का ते पुढच्या रविवारी इगतपुरीपर्यंत जाऊन तपासेन.

नाशिकचा_निनाद
इगतपुरीपर्यंत येताय तर व्हेंटिलेशन एकवर ठेवून या आणि कोरड्या शर्टात पाठ गार पडते का ते कळवा. माझी अजूनही पडते.